विहिरीजवळच्या झाडाचं आमसूल

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या घरातून आमसुलांची पहिली ऑनलाइन ऑर्डर गेली. ती पेणला गेली. आईला ती बडोद्याला जायला हवी होती.

बडोद्याला माझी धाकटी बहीण राहते. तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि घरी नंतर कळवलं. वडिलांनी तो फोन पडवीत उभं राहून ऐकला. फोन ठेवल्यावर ते आईला म्हणाले, "ह्या वाडीतला पाला पण तिच्या घरी द्यायचा न्हाय." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. ते बोलले की बोलले, हे चौलच्या आसपास त्यांच्याकडून सुपारी घेणारे सगळे व्यापारी जाणतात.

वाडी लहान आहे. सुपारी, नारळ, थोडी केळी, आणि रातांब्याची, म्हणजे कोकमाची, काही झाडं. त्यातलं एक विहिरीच्या कठड्याला लागून आहे. त्याचं फळ बाकीच्यांपेक्षा लहान आणि जास्त गडद. आई म्हणते त्याची आमसुलं जास्त आंबट होतात. मला फरक कळत नाही, बहिणीला कळायचा. लहानपणी डोळे मिटून ती ओळखायची आणि वडील तिची परीक्षा घ्यायचे. मे महिन्यात त्या झाडाची आमसुलं वेगळ्या बरणीत भरली जात आणि बरणी फडताळात मागे ठेवली जात. आमच्याकडे एखादी वस्तू कोणासाठी ठेवली की तिला दुसरं कोणी हात लावत नाही. "ठेवलेलं हाय," एवढं म्हटलं की पुरतं.

लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात आईने बरणी भरली. मी कामासाठी सुरतेला निघालो होतो, तिथून बडोदं जवळ. आईने एक पुडा गुपचूप माझ्या बॅगेत घातला. बहिणीने तो हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, "दादा, हे बाबांनी दिलंय का?" मी नाही म्हणालो. तिने पुडा परत माझ्या बॅगेत ठेवला. "चोरून नको," ती म्हणाली. "मला भीकही नको आणि चोरीही नको. विकत मिळत असेल तर घेईन."

पुडा परत आला तेव्हा आईने तो फडताळात ठेवला आणि बहिणीचं वाक्य मला पुन्हा एकदा, जसंच्या तसं सांगायला लावलं. मग ती म्हणाली, "हे द्यायचं न्हाय बोलले. विकायचं न्हाय असं कुठं बोलले?"

ऑनलाइन विक्रीची सुरुवात अशी झाली.

मी तेव्हा मुंबईतली बातमीदारी सोडून घरूनच काम करू लागलो होतो, त्यामुळे कागदपत्रं माझ्याकडे आली. अन्नपदार्थ विकण्याची नोंदणी आईच्या नावाने केली. एका विक्री संकेतस्थळावर तिचं खातं उघडलं. तिच्याकडे साधा फोन होता, म्हणून त्याच सुमारास एक नवा फोन मागवला, आणि तो मागवताना आईने ऑर्डरचं पान पहिल्यांदा नीट पाहिलं. किमतीखाली 'ईएमआय' लिहिलं होतं.

"हे काय?"

"हप्ते. किंमत एकदम न देता कार्डावरून महिन्याला थोडी थोडी."

"आणि हे बिनखर्चाचं लिवलंय ते?"

मी सांगितलं की बँक व्याज लावते, विक्रेता तेवढीच सूट आधी किमतीत देतो, म्हणून खर्च नाही असं दिसतं. फक्त त्या व्याजावरचा जीएसटी बँक वेगळा घेते.

पडवीतून वडील म्हणाले, "आम्ही ह्याला उधारी बोलायचो. तिला इंग्रजी नाव न्हवतं म्हणून वाण्याकडं तोंड लपवून जावं लागायचं."

काही दिवसांनी आमसुलांचं पान तयार झालं तेव्हा आईने ते वर-खाली करून तपासलं. तिला चिंता पडली. "आपल्या पानावर ईएमआय न्हाय लिवलेलं. लोक घेतील का?"

"ठरावीक किमतीच्या वरच्या मालालाच मिळतो तो," मी म्हणालो.

"आमसुलाला हप्ते!" वडील म्हणाले. "पहिला हप्ता कढीला, दुसरा सरबताला." ते हसले. आपण कशासाठी पान उघडतो आहोत हे त्यांना माहीत होतं की नाही, मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

पानामागच्या विक्रेत्याच्या भागात प्रत्येक मालाला एक एसकेयू द्यावा लागतो. विक्रेत्याने आपल्या मालाच्या प्रत्येक प्रकाराला आणि मापाला दिलेली ती खूण असते. ग्राहकाला तिच्याशी फारसं कर्तव्य नसतं. साठा मात्र त्या खुणेवर मोजला जातो. पाव किलो आणि अर्धा किलो ही दोन मापं वेगळी, म्हणून दोन खुणा. मी आमसुलांना केओके-२५० आणि केओके-५०० दिल्या.

"विहिरीजवळच्याला वेगळी घाल," आई म्हणाली.

"माल तोच आहे."

"तोच कसा? झाड वेगळं."

मी व्हीआयएच-५०० अशी तिसरी खूण केली. नाव लिहिलं, 'विहिरीजवळच्या झाडाची आमसुलं, अर्धा किलो.' साठ्याच्या चौकटीत आईने स्वतः एक हा आकडा टाकला. त्या वर्षी त्या झाडाचं तेवढंच निघालं होतं. मग तिने फोन खाली ठेवला आणि निर्धास्त झाली. तिच्या लेखी वेगळी खूण देऊन एकच नग लिहिणं म्हणजे बरणी फडताळात मागे ठेवणं होतं. ठेवलेल्याला कोणी हात लावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेणच्या एका अनोळखी बाईंनी ते घेतलं.

आईने ऑर्डरचं पान बराच वेळ पाहिलं. "हे ठेवलेलं होतं," ती म्हणाली. साठ्यात लिहिलेला माल हा मागेल त्याचा असतो, हे मी तेव्हा समजावून सांगितलं. मग सुचवलं की त्यांना दुसऱ्या झाडाचं पाठवू, त्यांना कळणार नाही.

"त्यांनी विहिरीजवळचं मागितलंय," आई म्हणाली आणि बरणी काढून आणली.

पुडा पेणला गेला. बिलावर कराची ओळ नव्हती, कारण आईकडे जीएसटीचा नंबर नव्हता आणि नंबर नसलेल्याला कर लावता येत नाही.

त्याच संध्याकाळी मी बहिणीला पानाचा दुवा पाठवला. साधं आमसूल तरी ती मागवू शकेल असं आईचं म्हणणं. बहिणीने थोड्या वेळाने फोन केला.

"दादा, माझा पिनकोड टाकला की 'या ठिकाणी मिळत नाही' येतं. आईने मुद्दाम केलंय का?"

मुद्दाम केलेलं नव्हतं. विक्रेत्याच्या भागात एक ओळ होती, तिच्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं: फक्त महाराष्ट्रात विक्री. छोट्या विक्रेत्याला जीएसटीची नोंदणी न करता, नुसती एक नावनोंदणी करून, अशा संकेतस्थळावर माल विकता येतो. अट एकच, माल स्वतःच्या राज्याबाहेर जाता कामा नये. पेण चालतं, चंद्रपूर चालतं. बडोदं चौलपासून चंद्रपूरपेक्षा पुष्कळ जवळ आहे, ते चालत नाही.

"ठाण्यात माझी मैत्रीण आहे, तिच्या पत्त्यावर…" बहीण म्हणाली आणि मध्येच थांबली. "नको. तेही चोरूनच झालं."

आईला मी सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं. "नंबर घेतला तर जाईल?"

"जाईल."

"मग घे."

अलिबागच्या करसल्लागारांनी यादी दिली. आईचं पॅनकार्ड होतं, आधार होतं, बँकेचं खातं होतं. धंद्याची जागा म्हणून घर दाखवायचं होतं. घर वडिलांच्या नावावर, घरपट्टी आणि विजेचं बिलही त्यांच्याच. तेव्हा जागेच्या मालकाची संमती लेखी हवी. करसल्लागारांनी मसुदा छापून दिला: माझ्या मालकीच्या घरात माझ्या पत्नीने हा व्यवसाय करण्यास माझी हरकत नाही. खाली सहीची जागा.

आईने तो कागद मला द्यायला लावला. ती स्वयंपाकघरात थांबली. तिथून पडवी दिसते.

वडील सुपाऱ्या सोलत होते. "कसला?"

"जीएसटीच्या नोंदणीचा. आईच्या नावाने."

"आतापर्यंत विकली ती?"

"त्याला नोंदणी लागत नव्हती. राज्यातल्या राज्यात होतं."

"मग आता कशाला?"

"राज्याबाहेर पाठवायला."

"राज्याबाहेर कुठं?"

"गुजरातेत."

ते सुपारी सोलत राहिले. मग म्हणाले, "नंबर घेतला की कागद भरत बसावं लागतं."

"हो. विक्री झाली नाही तरी विवरणपत्र भरावं लागतं."

"एका पुड्यासाठी?"

त्यांनी कागद घडी करून कोनाड्यात ठेवला आणि त्यावर सुपारीचा अडकित्ता ठेवला.

तो पावसाळा कागद तिथेच राहिला. आई रोज कोनाड्याखालून झाडू फिरवायची आणि अडकित्ता उचलायची नाही. अडकित्ता लागला की वडील तो घ्यायचे आणि काम झाल्यावर पुन्हा कागदावर ठेवायचे. साधं आमसूल थोडं थोडं जात होतं. ठाणे, नाशिक, एकदा कोल्हापूर. ऑर्डर आली की आई आधी गाव पाहायची, मग माप.

आईच्या नव्या फोनवर बहिणीने पाठवलेला फोटो यायचा, कधी गच्चीतल्या कुंड्यांचा, कधी ताटाचा. एका फोटोत वाटीत सोलकढी होती. आईने तो बोटांनी मोठा करून पाहिला. "रंग पाक उतरलेला हाय. तिकडं मिळतं ते जुनं असतं." फोटो तिने पडवीत नेला नाही. फोन मात्र उघडाच, वडिलांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवून ती आत गेली. काही वेळाने वडिलांनी हाक मारली, "तुझा फोन बंद पडला बघ." याचा अर्थ ते पडद्याकडे पाहत होते.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. कागद त्यांच्या मांडीवर उघडा होता आणि नाकावर चष्मा होता.

"घर नंबर चुकवलाय."

मी पाहिलं. करसल्लागारांनी घरपट्टीवरचा जुना नंबर घातला होता.

"चुकलेल्या कागदावर सही करत न्हाय मी," ते म्हणाले. "नीट करून आण."

मी त्याच दिवशी एसटीने अलिबागला जाऊन तो नीट करून आणला. वडिलांनी पूर्ण वाचला, सही केली, खाली तारीख घातली. आई दारात उभी होती. ते तिला म्हणाले, "धंदा करायचा तर नीट करायचा. अर्धं राज्य, अर्धं न्हाय, असलं काय?" मग अडकित्ता घेऊन ते वाडीत गेले.

दिवाळीआधी नंबर आला. तोपर्यंत चांगली आमसुलं संपली होती आणि विहिरीजवळची तर पहिल्याच ऑर्डरला पेणला गेली होती. बहीण म्हणाली, केओके-२५० उरलं असेल तर तेही चालेल. आई म्हणाली, "तिला सांग, थांब. इतकं थांबलीस."

यंदा मे महिन्यात विहिरीजवळच्या झाडाला फळ बरं धरलं. रातांबे वडिलांनीच काढले. एरवी ते काम गडी करतो. आईने ते कापले, बिया आणि रस वेगळा केला, रसात मीठ घातलं आणि साली त्यात बुडवून उन्हात टाकल्या. सुकल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. याला पुटं देणं म्हणतात आणि जितकी पुटं जास्त तितका रंग काळा होतो. ढग दाटून आले की ताटं आत घ्यायची. एका दुपारी आई आणि मी दोघेही रेवदंड्याला होतो. परत आलो तेव्हा अंगण ओलं होतं आणि ताटं पडवीत ओळीने लावलेली होती. वडील झोपाळ्यावर झोपले होते.

या वेळी आईने व्हीआयएच-५०० चा साठा शून्य ठेवला. पानावर 'सध्या उपलब्ध नाही' दिसत होतं. जूनच्या सुरुवातीला एका दुपारी तिने मला शेजारी बसवलं, बहिणीला फोन लावायला सांगितला आणि फोन कानाला न लावता, स्पीकरवर, माझ्याकडेच ठेवला.

"पान उघडलंस का विचार."

"उघडलंय," बहीण म्हणाली.

मी शून्याच्या जागी एक केला. आईचं बोट माझ्या मनगटावर होतं.

"आलं," बहीण म्हणाली. मग, "पिनकोड घेतला."

"पुढं काय विचार."

"पैसे कसे देऊ असं विचारतंय. मी सीओडी करते."

सीओडी म्हणजे माल दारात आल्यावर पैसे. आईला ते आवडत नाही. नाशिकच्या एका ग्राहकाने तसं मागवलं होतं आणि माणूस दारात गेल्यावर नको म्हटलं होतं. पैसे तर नाहीतच, पुडा तेवढा सगळा प्रवास करून परत आला, फुटलेला. त्या पानावर 'आरटीओ' असं लिहून आलं होतं. आईने विचारलं होतं, "गाड्यांच्या हापिसात कशाला गेला?" माल मूळ जागी परत, असा त्याचा अर्थ मी सांगितला होता. तो शब्द तिच्या लक्षात राहिला होता.

"तिला सांग आधीच भर. नको सीओडी."

बहिणीने ते ऐकलं. "आई," ती फोनमधून म्हणाली, "दारात आल्यावर हातात घेईन आणि हातानेच पैसे देईन. मला तसंच हवंय."

ऑर्डर पडली.

बिल छापलं तेव्हा वडील जवळ आले. त्यावर एसकेयू होता, माप होतं, पुरवठ्याचं ठिकाण गुजरात होतं आणि कराची एकच ओळ होती, आयजीएसटी. त्यांनी विचारलं, नंबर आल्यावर ठाण्याला गेलेल्या बिलावर दोन ओळी कशा होत्या. राज्यातल्या राज्यात माल गेला तर कर केंद्राचा आणि राज्याचा असा दोन ओळींत दाखवतात, बाहेर गेला की एकच, मी म्हणालो. ते म्हणाले, "म्हणजे बाहेर गेलेला लगेच कळतो." आणि वजनकाटा घेऊन आले.

वजनकाट्यावर आईने पाचशे ग्रॅम भरले आणि पिशवी बंद करायला घेतली. पुड्यात सुक्या खोबऱ्याची एक वाटी घालायचं तिच्या मनात होतं. ती तिने पदराखाली आणली होती, ते वडिलांना दिसलं.

"बिलात न्हाय ते घालायचं न्हाय," ते म्हणाले.

आईने वाटी बाजूला ठेवली. वडिलांनी बरणीत हात घातला, मूठभर आमसुलं काढली आणि पिशवीत टाकली. काट्यावरचा आकडा वर गेला. मग आणखी एक मूठ.

"आता?" आई म्हणाली. "हे बिलात हाय?"

"हे माप हाय," वडील म्हणाले. "गिऱ्हाइकाला माप झुकतं द्यायचं असतं. ते देणं न्हवं."

आमच्याकडे ते खरंच तसं आहे. वडील नारळ मोजून देतात तेव्हा शेकड्यावर काही नारळ जास्त जातात आणि सुपारीच्या तराजूचं मालाचं पारडं जमिनीला टेकल्याशिवाय ते हात सोडत नाहीत. व्यापारी कोणीही असो.

पिशवीचं तोंड त्यांनीच चिकटवलं. वर लावायच्या पट्टीवर बहिणीचं नाव, पत्ता आणि मोठ्या अक्षरात सीओडी होतं. नाव त्यांनी वाचलं. नवऱ्याचं आडनाव तिने लावलेलं नव्हतं, आमचंच होतं.

पुडा मी रेवदंड्याच्या कुरियर केंद्रावर दिला. त्यानंतर घरात ऑर्डरचं पान दिवसातून अनेकदा उघडलं गेलं. पुडा पनवेलला पोचला. मग सुरतेला. मग बडोद्यात 'वाटपासाठी बाहेर' असं आलं आणि त्या दिवशी आईने कढी केली आणि खाल्ली नाही. संध्याकाळी ओळ बदलली: ग्राहक भेटला नाही, पुन्हा प्रयत्न करू.

वडील झोपाळ्यावर होते. "न्हाय म्हणाली का?"

"नाही बाबा. घरी नव्हती असं आहे."

"न्हाय म्हणाली तर तसंच लिवतात का वेगळं?"

"वेगळं लिहितात."

ते उठून वाडीत गेले. पंपाचा आवाज आला. पावसाळा सुरू झाला होता, झाडांना पाण्याची गरज नव्हती.

बहिणीला फोन करायचं मी ठरवलं होतं. आईने करू दिला नाही. "गिऱ्हाइकाला फोन करत न्हायत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला पानावर ओळ आली: माल पोचवला. सीओडी, रक्कम मिळाली. आईने ती मला मोठ्याने वाचायला लावली, पडवीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

त्या दिवशी बहिणीचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आठवड्याने पानावर ग्राहकाचं मत म्हणून चार शब्द आले: 'माल ओळखला. माप झुकतं.'

आईने फोन वडिलांच्या कपाशेजारी ठेवला. पडदा विझला. या वेळी त्यांनी हाक मारली नाही, स्वतः बोट लावून तो पुन्हा उघडला.

बहीण अजून घरी आलेली नाही. व्हीआयएच-५०० चा साठा पानावर शून्य आहे. फडताळात मागे एक बरणी आहे, तिच्यावर वडिलांच्या अक्षरात तोच एसकेयू लिहिलेला आहे आणि तिच्यातला माल पानावर चढवलेला नाही.